डोळ्यांच्या विश्रांतीचा तगादा

कचेरीचा बहुतेक सारा व्यवहार दप्तरांतून आणि खातेवह्यांतून निघून स्क्रीनवर आला, तेव्हा कारकुनाच्या दिवसातून एक गोष्ट कोणाच्याही लक्षात न येता नाहीशी झाली, आणि ती म्हणजे नजरेची ये-जा. कपाटातून फाइल काढण्यासाठी उठणे, साहेबांच्या सहीसाठी दुसऱ्या दालनात जाणे, जावक विभागात कागद पोचवणे, शिपायाची वाट पाहत खिडकीबाहेर बघत राहणे, या साऱ्या क्रिया कामाचाच भाग असल्यामुळे त्यांना कोणी विश्रांती म्हणत नसे. तरीही त्या निमित्ताने डोळे दिवसातून कितीतरी वेळा जवळून दूर आणि दुरून जवळ जात असत. आता फाइल, सही, टपाल आणि साहेब हे सारेच हातभर अंतरावरच्या एका चौकटीत येऊन बसले असल्याने, आठ तासांच्या नोकरीत नजर त्या चौकटीबाहेर पडण्याचे कारणच उरलेले नाही. डोळ्यांना विश्रांतीची आठवण करून देणारी जी ॲप्स गेल्या काही वर्षांत प्रचलित झाली आहेत, ती म्हणजे कामाने काढून घेतलेल्या याच मध्यंतरांची कृत्रिम भरपाई होय. ही भरपाई कितपत होते, कोणत्या मांडणीत होते आणि कोणत्या तक्रारीपुढे ती निरुपयोगी ठरते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम तक्रारीचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण ‘डोळे दुखतात’ या एकाच वाक्याखाली किमान दोन भिन्न व्याधी नोंदवल्या जातात. पहिली व्याधी डोळ्याच्या पृष्ठभागाची. बुबुळावर अश्रूंचा जो अतिशय पातळ थर असतो, तो प्रत्येक वेळी पापणी लवली की नव्याने पसरतो, आणि पापणी फार वेळ लवली नाही की जागोजाग फाटतो. निरोगी डोळ्यात हा थर साधारण दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकतो असे मानतात. सुबोता आणि नाकामोरी या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत स्वस्थ बसलेल्या माणसाची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाकडे पाहताना केवळ ७ वेळा लवत असल्याचे आढळले. पुढील काळात या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांनी यात एक महत्त्वाची भर घातली, ती अशी की स्क्रीनवरच्या कामात पापणी किती वेळा लवते याइतकेच ती पुरती मिटते की नाही यालाही महत्त्व आहे. अर्धवट मिटलेली पापणी बुबुळाचा खालचा भाग कोरडाच सोडते. त्यातच वातानुकूलन यंत्राचा झोत किंवा डोक्यावरच्या पंख्याचा वारा थेट तोंडावर येत असेल, अथवा स्क्रीन इतकी उंच ठेवलेली असेल की डोळे सताड उघडे ठेवावे लागतील, तर बाष्पीभवन आणखी वाढते. जळजळ, खुपल्यासारखे वाटणे, आणि विरोधाभास वाटला तरी डोळ्यांतून पाणी येणे, ही सारी याच कोरडेपणाची लक्षणे होत.

दुसरी व्याधी नजर केंद्रित करण्याच्या यंत्रणेची. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग अधिक फुगीर होते. या श्रमाचे माप डायॉप्टरमध्ये सांगतात, आणि त्याचा हिशेब अगदी सोपा आहे: एकाला मीटरमधील अंतराने भागावे. सहा मीटरवरच्या भिंतीकडे पाहताना हा श्रम ०.१७ डायॉप्टर, म्हणजे जवळजवळ शून्य असतो. ६५ सेंटिमीटरवरील स्क्रीनसाठी तो सुमारे दीड, आणि हातातल्या मोबाइलसाठी, तो ३३ सेंटिमीटरवर धरला तर, तीन डायॉप्टर होतो. तासन्‌तास तोच श्रम केल्यानंतर दूर पाहिले असता क्षणभर धूसर दिसणे, कपाळ जड होणे, अक्षरे एकमेकांत मिसळल्यासारखी वाटणे ही या दुसऱ्या व्याधीची चिन्हे. विशीतील तरुणाजवळ या सामर्थ्याचा मोठा साठा असल्याने त्याला ती उशिरा जाणवतात. चाळिशी ओलांडलेल्याजवळचा साठा आटत आलेला असल्याने त्याला ती दुपारपर्यंतच जाणवू लागतात.

या दोन व्याधींची प्राथमिक पारख घरच्या घरी करता येते. डोळे हलकेच पूर्ण मिटून, दोन क्षण तसेच ठेवून उघडावेत, आणि असे आठ-दहा वेळा केल्यावर त्रास लगेच उतरला तर दोष मुख्यत्वे कोरडेपणाचा समजावा. तसे न होता, दूरच्या झाडाकडे वा पाटीकडे बघितल्यावर प्रथम धूसर आणि मग हळूहळू स्पष्ट दिसू लागले, तर केंद्रीकरणाचा थकवा अधिक आहे असे धरावे. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही एकत्र नांदतात. तथापि ही पारख पुढील निर्णयाला उपयोगी पडते, कारण ज्या विश्रांतीने एक व्याधी शमते तिने दुसरी शमेलच असे नाही.

विश्रांतीच्या नियमांमध्ये सर्वांत लोकप्रिय झालेला नियम म्हणजे ‘२०-२०-२०’: दर वीस मिनिटांनी, वीस फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर दूरवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. जेफ्री ॲन्शेल या अमेरिकी दृष्टितज्ज्ञाने तो १९९० च्या दशकात सुचवला. अंतराचा आकडा शास्त्रशुद्ध आहे, कारण सहा मीटरच्या पलीकडे स्नायूला जवळजवळ पूर्ण सुटी मिळते. परंतु वीस मिनिटे आणि वीस सेकंद हे दोन आकडे त्यांच्या सुलभतेमुळे रूढ झाले, मोजमापातून निघाले नाहीत. त्यांची परीक्षा पुष्कळ उशिरा झाली, आणि तिचे निष्कर्ष विचार करण्याजोगे आहेत. जॉन्सन आणि रोझेनफील्ड यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० तरुणांना टॅब्लेटवर चाळीस मिनिटांचे वाचन देऊन, कधी पाच, कधी दहा, कधी वीस मिनिटांनी वीस सेकंदांची विश्रांती दिली, आणि एकदा ती मुळीच दिली नाही; लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. याउलट तालेन्स-एस्तारेयेस आणि सहकाऱ्यांनी ज्यांना मुळातच त्रास होता अशा २९ संगणक वापरणाऱ्यांना दोन आठवडे स्मरण देणारी प्रणाली वापरायला लावली, तेव्हा त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. मात्र अश्रूंच्या थराच्या तपासण्यांत सुधारणा दिसली नाही, आणि स्मरण बंद केल्यावर आठवडाभराने तपासले तेव्हा मिळालेला लाभही टिकलेला नव्हता.

हे दोन निष्कर्ष परस्परविरुद्ध भासतात, पण वस्तुतः तसे नाहीत. पहिल्या प्रयोगातील डोळे तरुण होते आणि काम एका बैठकीचे होते. दुसऱ्यातील माणसे त्रस्त होती आणि त्यांचा काळ दोन आठवड्यांचा होता. यातून सामान्य वाचकाने इतकेच घ्यावे की, ज्याला त्रास होतो त्याला वीस सेकंदांच्या विश्रांतीने आराम वाटू शकतो, पण हा आराम तगाद्यावर अवलंबून असतो. तगादा थांबला की सवय राहत नाही. आणि सहा तासांच्या कामात हा नियम पूर्णपणे पाळला तरी एकूण विश्रांती सहा मिनिटांहूनही कमी भरते, हेही विसरता कामा नये.

अधिक भरीव पुरावा आहे तो तासाला घेतल्या जाणाऱ्या मोठ्या विरामाच्या बाजूने. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तेथील प्राप्तिकर खात्यात दिवसभर आकडे भरणाऱ्या ४२ कर्मचाऱ्यांवर केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात आजही आधारभूत मानला जातो. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे या कर्मचाऱ्यांना पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धात एक अशा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या मिळत. प्रयोगात, ज्या तासांत सुटी येत नसे त्या प्रत्येक तासात पाच मिनिटांची जादा सुटी देण्यात आली. दिवसाची वीस मिनिटे अशी खर्ची पडूनही कामाचे मान घटले नाही, आणि मान, पाठ, हात यांच्याबरोबर डोळ्यांच्या तक्रारीही लक्षणीयरीत्या कमी झाल्या. याच दिशेने कायद्याचीही पावले पडली आहेत. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशाने स्क्रीनवरील काम ठराविक काळाने खंडित करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ब्रिटनने १९९२ मध्ये त्याप्रमाणे नियम केले, आणि तेथील अधिकृत मार्गदर्शन असे की दर तासाला पाच ते दहा मिनिटे हा विराम दर दोन तासांनी वीस मिनिटांच्या विरामापेक्षा बरा. जपानची मार्गदर्शक तत्त्वे सलग काम एका तासाहून अधिक नसावे आणि मध्ये दहा ते पंधरा मिनिटांचा अवकाश असावा असे सांगतात. या नियमांत ‘विराम’ म्हणजे काम थांबवणेच नव्हे, कामाचा प्रकार बदलणे हेही धरलेले आहे. म्हणजे उठून छापील कागद लावणे हाही विरामच.

आता ॲप्सकडे वळू. या प्रणालींच्या जुन्या पिढीचा जन्म डोळ्यांसाठी झालाच नव्हता, हे त्यांची मांडणी समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवावे लागते. ‘वर्करेव्ह’ ही विंडोज व लिनक्सवर विनामूल्य मिळणारी प्रणाली सतत टंकलेखन केल्याने हात आणि मनगटे दुखावू नयेत म्हणून तयार झाली. म्हणूनच तिची मूळ मांडणी दर तीन मिनिटांनी अर्ध्या मिनिटाचा सूक्ष्म विराम आणि दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटांची विश्रांती अशी कडक आहे, आणि ती तशीच ठेवून नेत्रविश्रांतीसाठी वापरू लागणारा मनुष्य पहिल्याच दिवशी त्रासून ती काढून टाकतो. ‘स्ट्रेचली’ ही तिन्ही प्रमुख संगणकप्रणालींवर चालणारी, तशीच विनामूल्य असलेली सोय अधिक सौम्य आहे: दहा मिनिटांनी वीस सेकंदांचा छोटा विराम, आणि असे दोन विराम झाल्यावर पाच मिनिटांचा मोठा. मॅकवरील ‘टाइम आउट’ आणि विंडोजवरील जुने ‘आयलिओ’ हीही याच कुळातली. लिनक्सवरील ‘सेफ आइज’ हे तर आयलिओच्या धर्तीवरच बेतलेले आहे. वेगळे काही उतरवून घेण्यास कचेरीतील संगणक विभागाची मनाई असेल तेथे साधा गजरही चालतो, मात्र त्यात एक उणीव राहते, आणि ती उणीवच या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

गजर केवळ घड्याळ मोजतो. चांगले ॲप काम मोजते. कळफलक आणि माउस हलत आहेत तोवर ते काळ जमा धरते, आणि काही मिनिटे हालचाल थांबली की माणूस जागेवरून उठला असे समजून आधीची थकबाकी माफ करते. चहा पिऊन नुकत्याच परतलेल्या माणसाला लगेच विश्रांतीचा हुकूम सोडणारे यंत्र फार दिवस सहन होत नाही. म्हणून ही स्वाभाविक विरामांची नोंद ज्या ॲपमध्ये नाही ते घेऊच नये. परंतु याच युक्तीत तिचा मोठा दोषही दडलेला आहे. लांबलचक करारनामा स्क्रीनवर वाचणारा मनुष्य माउसला क्वचितच हात लावतो, दूरस्थ बैठकीत ऐकत बसलेला तर मुळीच नाही. ॲपच्या हिशेबी हे दोघेही विश्रांती घेत असतात, आणि वास्तविक त्याच वेळी त्यांच्या पापण्या सर्वांत कमी लवत असतात. वर्करेव्हमध्ये यासाठी वाचनाची वेगळी पद्धत दिलेली आहे, जिच्यात हालचाल नसतानाही काळ मोजला जातो. ज्याचे काम भरण्यापेक्षा वाचण्याचे अधिक आहे, त्याने ती सोय शोधावी, किंवा ती नसलेल्या ॲपमध्ये निष्क्रियतेची दखल घेणे बंद करून सरळ घड्याळावर चालावे.

दुसरा दोष तहकुबीचा. जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये विराम काही मिनिटे पुढे ढकलण्याची किंवा पूर्णपणे टाळण्याची मुभा असते, आणि ती नसावी अशी सक्तीची मांडणीही करता येते. सक्ती ऐकायला हितकर वाटते. पण वरिष्ठांशी बोलणे चालू असताना, किंवा विवरणपत्र भरण्याची मुदत संपत असताना सारी स्क्रीन झाकून टाकणारे यंत्र माणूस दुरुस्त करत नाही, हद्दपार करतो. उलट मोकळी मुभा दिली की बोट आपोआप ‘टाळा’ या खुणेकडे जाऊ लागते, आणि आठवड्याभरात तो तगादा भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा दिसेनासा होतो. याची परीक्षा करण्याचे साधन वर्करेव्हच्या आकडेवारीत आहे: किती विरामांची सूचना दिली, किती घेतले, किती टाळले, किती पुढे ढकलले आणि किती स्वाभाविकपणे झाले, याची दिवसवार नोंद तेथे मिळते. टाळलेल्यांची संख्या घेतलेल्यांहून अधिक असेल, तर दोष इच्छाशक्तीचा समजू नये. अंतर फार आखूड ठेवले आहे असे समजून ते वाढवावे.

तिसरा दोष ॲपच्या आवाक्याबाहेरचा आहे. संगणकावर विरामाची पाटी झळकली की पुष्कळांचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे असा मनुष्य दीड डायॉप्टरच्या श्रमातून सुटून तीन डायॉप्टरच्या श्रमात पडतो, आणि ॲप मात्र विराम पूर्ण झाल्याची नोंद करून मोकळे होते.

हे सारे एका उदाहरणात मांडून पाहू. पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणाऱ्या ४६ वर्षांच्या एक बाई कल्पनेत आणा. त्यांची कचेरी दहा ते सहा, आणि जेवण, चहा, बोलणे वगळता स्क्रीनवरचे काम सहा तासांचे, तेही बहुतांशी बिलांची आणि खतावणीची रुजवात घालण्याचे. स्ट्रेचलीची मूळ मांडणी त्यांनी तशीच ठेवली, तर दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, दोन छोटे विराम आणि एक मोठा मिळून ३५ मिनिटे ४० सेकंदांचे एक आवर्तन होते. सहा तासांत अशी दहा आवर्तने बसतात. म्हणजे वीस छोटे आणि दहा मोठे मिळून तीस वेळा काम थांबणार, आणि एकूण जवळजवळ ५७ मिनिटे जाणार. रुजवात घालताना दर दहा मिनिटांनी बोट आकड्यावरून सुटणे म्हणजे ओळ चुकणे. त्यामुळे या मांडणीची आयुर्मर्यादा बहुधा तीन-चार दिवसांची. त्याऐवजी छोटा विराम वीस मिनिटांनी ठेवला आणि दोन छोट्यांनंतर मोठा विराम कायम राखला, तर साठ मिनिटांच्या कामामागे एक पाच मिनिटांचा विराम पडतो. सहा तासांत पाच मोठे आणि दहा-अकरा छोटे, एकूण खर्च अर्ध्या तासाच्या आत. ही मांडणी वीस मिनिटांच्या लोकप्रिय नियमालाही धरून आहे आणि प्राप्तिकर खात्यातील प्रयोगालाही. शिवाय पाणी पिण्यास वा दुसऱ्या विभागात जाण्यास बाई काही मिनिटे उठल्या, तर तो वेळही विराम म्हणून हिशेबात जमा होतो. छोट्या विरामात त्यांनी खिडकीबाहेर पाहावे, आणि खिडकी नसेल तर दालनाच्या दूरच्या टोकाकडे. त्याच वेळी पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात, कारण नुसते दूर पाहण्याने केंद्रीकरणाचा स्नायू सुटतो, पण कोरडेपणाला उतार पापणी मिटल्यानेच पडतो. मोठ्या विरामात खुर्ची सोडावी आणि मोबाइल मेजावर ठेवावा.

दोन आठवड्यांनंतर बाईंची कोरडेपणाची जळजळ उतरली आणि दुपारची डोकेदुखी मात्र तशीच राहिली, असे समजा. येथे ॲपची हद्द संपते. या वयात बहुधा दुहेरी किंवा क्रमशः बदलणाऱ्या भिंगांचा चष्मा असतो. त्याचा वाचनाचा भाग हातातल्या कागदासाठी, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतरासाठी बेतलेला असतो, आणि स्क्रीन त्याच्या पलीकडे पासष्ट सेंटिमीटरवर असते. मग स्पष्ट दिसावे म्हणून मनुष्य हनुवटी वर करून भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो, किंवा नकळत पुढे झुकतो. शेजारच्या सहकाऱ्याला बाजूने एक छायाचित्र काढावयास सांगितले की हा दोष तत्काळ उघडा पडतो. त्यावर इलाज म्हणजे डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजून, तो आकडा तपासणीच्या वेळी सांगून त्या अंतराचा चष्मा करून घेणे. आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणणे, ज्यामुळे मान सरळ राहते व पापण्याही थोड्या खाली उतरून बुबुळ कमी उघडे पडते.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचा मोह मात्र आवरावा. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ प्रयोगांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात अशा भिंगांमुळे स्क्रीनजन्य नेत्रताण साध्या भिंगांच्या तुलनेत कमी होत असल्याचे, निदान अल्पकाळात तरी, दिसून आले नाही. रात्री स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सोयींचाही नेत्रताणावरचा इलाज म्हणून भरवसा धरू नये. आणि डोळ्यांत तीव्र वेदना, एकाएकी दृष्टी मंदावणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चमकणाऱ्या रेषा, किंवा उजेड सहन न होणारी लाली, यांपैकी काहीही झाले तर ते शिणाचे लक्षण समजून विरामाची वाट पाहू नये; त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

तात्पर्य, स्मरण देणारे ॲप हे औषध नसून तगादेदार आहे, आणि तगाद्याचे मोल वसुलीवरून ठरते. विनामूल्य मिळणाऱ्यांपैकी स्वाभाविक विराम ओळखणारे एखादे घ्यावे, तासामागे पाच मिनिटांचा विराम हा पाया धरावा, वीस सेकंदांचे विराम त्रास असेल तरच जोडावेत, आणि पंधरवड्याने आपण किती विराम प्रत्यक्ष घेतले ते मोजावे. विराम घेऊनही त्रास कायम असेल, तर दुसरे ॲप शोधण्यात वेळ न दवडता चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.